तिखटताईंच्या हाताची चिठ्ठी

तिखटताईंना राग यायला कारण लागायचं नाही, असं दवाखान्यातले सगळे म्हणायचे. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं आणि ते रोज मिळायचं. सरकारी दातांच्या दवाखान्यात दोन नंबरच्या खुर्चीशी बावीस वर्षं उभं राहून लोकांची तोंडं साफ करून बघा, म्हणजे राग कुठून येतो ते कळेल. आठ-आठ दिवसांचा भात हिरडीखाली सडवून माणसं येणार, आ करणार, आणि वर विचारणार, "ताई, काही विशेष नाही ना?"

खरं नाव हजेरीपटावर होतं, ते वाचायला कुणी जायचं नाही. तिखटताई म्हणूनच सगळे ओळखायचे. समोर नुसतं ताई.

त्या सकाळी खुर्चीत शिंपीकाका होते. चौकात त्यांचं कपडे शिवायचं दुकान. माणूस इतका नीटनेटका, की खुर्चीत बसण्याआधी गळ्यातली मोजपट्टी काढून, गुंडाळून खिशात ठेवली. डावा गाल सुजलेला, तोंड अर्धवट उघडत होतं. अक्कलदाढा सगळ्यांना विशीतच त्रास देतात असं नाही. काकांची खालची दाढ पस्तीस वर्षं अर्धी बाहेर, अर्धी हिरडीत अशी बसून होती. ताईंनी आरसा आत घातला, बघितलं आणि भडकल्या.

"काका, इथे ब्रश शेवटचा कधी लागला होता?"

काका तोंड उघडं ठेवूनच काहीतरी म्हणाले. त्यांचा हात खिशाकडे गेला. घडी केलेला एक कागद त्यांनी अर्धा बाहेर काढला.

"ते ठेवा आत. कागद नकोत मला. मी विचारतेय ते सांगा. घासलं नाही ना? चूळही भरली नाही ना नीट? आतून वास मारतोय. दुसऱ्याचे कपडे इस्त्री करून देता, आणि स्वतःच्या तोंडात उकिरडा!"

काकांनी कागद परत खिशात घातला. साठीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला. ताईंनी त्यांची दाढ धुऊन दिली, काय काय करायचं ते दरडावून सांगितलं आणि उद्या दाखवायला बोलावलं. हात त्यांचा हलका होता, हे मात्र मान्य करायला हवं. जीभ चालायची तशी सुई चालली असती तर लोक दवाखान्यात फिरकले नसते.

पुढचा केसपेपर आला. ताईंनी तो नेहमीसारखा न बघताच ट्रेखाली सरकवला आणि म्हणाल्या, "बसा." मग मान वर केली. समोर त्यांची लेक उभी होती.

लेक चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेली होती. म्हणजे पळून वगैरे नाही. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली घेतली. पण निघायच्या दिवशी माय-लेकींचं जे भांडण झालं, ते मजल्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. तेव्हापासून रविवारी फोन, तोही पाच मिनिटांचा. जेवलीस का, जेवले, बरं ठेवते. आणि आता तीच लेक समोर, उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ घेऊन.

"तू?"

"तीन नंबरला माझा नंबर होता," लेक दात विलग न करता म्हणाली. "तिथल्या ताई रजेवर आहेत. डॉक्टरांनी इकडे पाठवलं."

म्हणजे रजा नसती तर ही पोरगी भिंतीपलीकडच्या खुर्चीत बसून, दुसऱ्या बाईकडून दाढ साफ करून गुपचूप निघून गेली असती. ताईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी केसपेपर उचलला. पहिल्यांदा नाव नोंदवल्याची तारीख आठ दिवसांपूर्वीची. तो ताईंच्या रजेचा दिवस. मुद्दाम साधलेला.

"आठ दिवस! आठ दिवस तू हे घेऊन फिरतेस, आणि मला फोनवर सांगतेस जेवले म्हणून? आई काय करते ते ठाऊक आहे ना तुला? का विसरलीस?"

"आई, दुखतंय."

"दुखणारच! आ कर."

लेकीने आ केला. एक बोट जेमतेम जाईल एवढं उघडलं. ताईंनी बोट आडवं धरून मोजलं, कारण तोंड किती उघडतं हे तिथे बोटांनीच मोजत. बऱ्या माणसाला तीन बोटं. लेकीला एक. ताई घाबरल्या, आणि त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं तेच झालं. भीती आत गेली आणि राग बाहेर आला.

"गोळ्या घेतल्यास ना? खरं सांग. त्या समोरच्या औषधवाल्याकडून?"

लेकीने मान हलवली. दोनदा घेतल्या होत्या.

"वाटलंच मला! आणि घासायचं नाही, धुवायचं नाही. अगं, गोळी पोटात जाते. ती काय तिथे जाऊन झाडू मारते? तुझ्या हिरडीखाली..."

"पाठ आहे," लेक म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याने की रागाने, सांगता आलं नसतं. "लहानपणापासून जेवताना हेच ऐकतेय. कोणाच्या तोंडात काय सडलं होतं, कोण किती घाणेरडा होता. म्हणून तर नाही आले तुझ्याकडे."

तिखटताईंनी आरसा उचलला आणि तो स्वच्छच असताना परत पुसायला घेतला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लेकीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, पण डोकं शांत. त्यांनी ताप बघितला, गळ्याखाली आणि जिभेखाली चाचपून पाहिलं, पाणी गिळायला लावलं. मग ताईंना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "जिभेखाली मऊ आहे, ताप नाही, गिळता येतंय. आज धुऊन काढू आणि वाट बघू. पण सूज खाली गळ्याकडे उतरली, ताप चढला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, तर घरी थांबायचं नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलात भरती. उद्या सकाळी तोंड आजच्यापेक्षा जास्त उघडायला हवं."

ताईंनी मान डोलावली. असल्या दाढेचा पू गळ्यात उतरलेली दोन माणसं त्यांनी बावीस वर्षांत पाहिली होती. त्यातलं एक परत आलं नव्हतं. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही.

त्यांनी कोमट सलाइन सिरिंजमध्ये भरलं आणि टोक बोथट केलेली, जराशी वाकवलेली सुई लावली. ही सुई टोचायची नसते. दाढेवर हिरडीचा जो तुकडा झाकणासारखा पडलेला असतो, त्याच्या कडेने ती आत सरकवायची असते. ताईंनी स्वतःलाच मनात एक शिवी हासडली आणि त्या पुढे वाकल्या.

"नाकाने श्वास घे. दुखलं की डावा हात वर कर. मी थांबेन."

पहिली सिरिंज मारली तेव्हा पाण्याबरोबर पिवळट पू आला आणि पोळीचे मऊ झालेले कण. दुसऱ्यांदा गढूळ पाणी. तिसऱ्यांदा जरा बरं. लेकीने दोनदा हात वर केला, ताई दोन्ही वेळा थांबल्या. खालचं धुऊन झाल्यावर त्यांनी वरची दाढ बघितली. तिचा कोपरा बरोबर त्या सुजलेल्या झाकणावर टेकत होता. हिरडीवर दाताची खूण उमटली होती.

"हे बघ," त्यांनी लेकीच्या हातात आरसा दिला. आवाज खाली ठेवायला त्यांना बरंच जड गेलं. "दाढ अर्धीच वर आलीय. वर हिरडीचं झाकण. झाकणाखाली खोबण. खाल्लेलं तिथे शिरतं आणि बाहेर येत नाही, ब्रश पोचत नाही, मग जंतूंची चंगळ. त्याने हिरडी सुजते. सुजून ती उंच झाली, की वरची दाढ प्रत्येक घासाला तिला चावते. चावलं की आणखी सूज. सूज वाढली की झाकण आणखी घट्ट बसतं, आतली घाण आतच. पुढे जबड्याचे स्नायू आखडतात, म्हणून तोंड उघडेना. कानात कळ येते ती यामुळेच."

"मग दाढ काढायची?"

"आज नाही. एवढ्या सुजेत नाही. आधी हे शांत करायचं, मग एक्स-रे. परत परत व्हायला लागलं तर डॉक्टर काढायचं ठरवतील. आता फक्त स्वच्छता. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा चूळ, प्रत्येक जेवणानंतर तर हवीच. ते पाणी त्या बाजूला धरून खळखळवायचं. लहान मऊ ब्रश, लहान मुलांचा असतो ना तसला, तो हळूच मागे न्यायचा. रक्त आलं तरी घाबरून सोडायचं नाही."

लेक आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर एक विचित्र भाव आला. काहीतरी विचारायचं होतं तिला, पण डॉक्टरीणबाईंनी दुखण्याची गोळी लिहून दिली, जंतूंवरची गोळी आज नको म्हणाल्या, आणि पुढचा पेशंट आत आला.

जेवणाची सुट्टी झाली तशा तिखटताई डबा न उघडता निघाल्या. लेकीला बाहेरच्या बाकावर बसवलं, ग्लासात मिठाचं पाणी दिलं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या औषधाच्या दुकानात शिरल्या. हातमोजा एका हातात तसाच होता.

"काय हो! दुकान उघडलंय की दवाखाना?"

औषधवाला बिचारा खोकल्याच्या बाटल्या लावत होता. त्याने हातातली बाटली खाली ठेवली.

"काय झालं, ताई?"

"काय झालं? माझ्या पोरीला दोनदा गोळ्या दिल्यात! दाढ सडतेय तिची खालून, आणि तुम्ही वरून गोळ्या पेरताय! डॉक्टरची चिठ्ठी बघितलीत? एकदा तरी म्हणालात का की बाई, चूळ भर, घास, स्वच्छ ठेव?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागे सरकली. औषधवाल्याचा चेहरा लाल झाला. तोही काही गरीब गाय नव्हता.

"गोळ्या दिल्या, ती माझी चूक. रडत होती, दिल्या. पण बाकीचं ऐकून घ्या. चूळ भरायचं औषध मी काउंटरवर काढून ठेवलं होतं. दोन्ही वेळा. तिनेच परत केलं. म्हणाली, चूळ भरायची मनाई आहे, दवाखान्याची चिठ्ठी आहे. मी चिठ्ठी वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय. चूळ भरू नये, ब्रश लावू नये. आता दवाखान्याच्या पुढे मी कोण बोलणार?"

"कुठल्या गाढवाने दिली असली चिठ्ठी?"

औषधवाला जरा थांबला. "ताई, अक्षर तुमचं आहे ते. तुमच्या हातच्या याद्या येतात माझ्याकडे, मला ओळखू येतं."

ताई परत रस्ता ओलांडून आल्या तेव्हा एका रिक्षावाल्याने त्यांना शिवी दिली आणि त्यांनी ती ऐकलीसुद्धा नाही. बाकावर लेक चूळ भरून बसली होती.

"चिठ्ठी दाखव."

लेकीने पर्समधून काढली. वीतभर लांब, चार बोटं रुंदीचा कागद. फोटोकॉपी. ताईंचंच ठसठशीत, रागीट अक्षर.

'चूळ भरू नये. जोरात थुंकू नये. त्या जागी ब्रश लावू नये, बोट लावू नये. गरम खाऊ नये. दुसऱ्या बाजूने चावावे.'

बस्स. वर काहीच नाही.

बारा वर्षांपूर्वी ताईंनीच ही लिहिली होती, आणि तेव्हा वर एक ओळ होती. 'दाढ काढल्यानंतर पहिले चोवीस तास.' काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरायला हवी, ती सुटू नये म्हणून हे सगळं. अगदी बरोबर होतं ते. मग फोटोकॉपी काढताना एका कागदावर चार चिठ्ठ्या बसेनात. ताईंनी कात्री घेतली आणि वरची पट्टी कापली. काय बिघडलं, चिठ्ठी दाढ काढलेल्यांनाच द्यायची होती, सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना ठाऊक होतं.

"मला वाटलं होतं हे चूक आहे," लेक म्हणाली. "तू जेवताना वेगळं सांगायचीस. पण अक्षर तुझं होतं. म्हटलं, आईने लिहिलंय तर असेल काहीतरी कारण. शब्दन् शब्द पाळला मी."

ताई उठल्या आणि केसपेपरच्या खिडकीवर गेल्या. खिडकीवाला कारकून पोळीचा घास तोंडात घालत होता.

"ही चिठ्ठी कोणाकोणाला देता तुम्ही?"

"दाढ दुखते म्हणून येतील त्या सगळ्यांना."

"सगळ्यांना? कोणी सांगितलं?"

त्याने घास गिळला. रोजची भीती आज कुठेतरी गळून पडली असावी. "तुम्हीच. दहा-बारा वर्षं झाली. इथेच उभ्या होतात आणि हात आपटून म्हणालात, दाढेचा पेशंट आला की चिठ्ठी दिलीच पाहिजे, एकालाही चुकवलंत तर बघा. मी विचारणार होतो, सगळ्याच दाढांना का म्हणून. तुम्ही विचारू दिलंत?"

"आणि माझी पोरगी आली, ते मला सांगितलं नाहीत?"

"तीच म्हणाली, आईला सांगू नका. मला कळलं ना तिला काय वाटत असेल ते."

खिडकीतून हात घालून ताईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. फाडायला लागल्या. चार-पाच फाडल्या आणि थांबल्या, कारण फाडून काय होणार होतं? मनात हिशोब सुरू झाला होता आणि तो थांबेना. सुजलेल्या दाढेचा माणूस येतो. खिडकीवर चिठ्ठी मिळते. नंबर लागतो आठवड्याने. आठवडाभर तो बिचारा इमानदारीने चूळ भरत नाही, ब्रश लावत नाही. मग दोन नंबरच्या खुर्चीत येतो, आणि तिखटताई म्हणतात, का घासलं नाही रे घाणेरड्या?

बारा वर्षं. भांडायला त्यांनी आजूबाजूला पाहिलं. औषधवाल्याशी झालं होतं. खिडकीवाल्याशी झालं होतं. आता एकच बाई उरली होती, आणि तिला दरडावायला तोंडात एक शब्द येईना. इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

त्या संध्याकाळी त्या लेकीच्या भाड्याच्या खोलीवर गेल्या. पहिल्यांदाच. मैत्रिणींना हॅलो म्हणाल्या, पातेल्यात पाणी कोमट केलं, मीठ मोजून घातलं आणि भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. जेवणानंतर चूळ, झोपण्याआधी चूळ. दर दोन तासांनी त्या लेकीच्या कपाळाला हात लावत होत्या आणि पाण्याचा एक घोट गिळून दाखव म्हणत होत्या. लेक गिळून दाखवत होती. मध्येच एकदा लेक म्हणाली, "तू एवढी गप्प बसलीस की जास्त भीती वाटते." ताप आला नाही.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट आडवं धरलं. एक गेलं. मग दुसऱ्याचा अर्धा भाग गेला. गाठ मऊ झाली होती, गिळताना कळ कमी होती.

"उतरतंय," त्या म्हणाल्या. "भरतीची गरज नाही. धुणं चालू ठेवा."

ताईंनी परत एकदा दाढ धुऊन काढली. या वेळी पाणी पहिल्याच सिरिंजला जवळपास स्वच्छ आलं. लेक बाहेर बाकावर जाऊन बसली. दार उघडंच होतं.

मग शिंपीकाका आले. मोजपट्टी गुंडाळून खिशात, गाल कालच्यापेक्षा बराच बसलेला. खुर्चीत बसायच्या आधीच हात जोडून म्हणाले, "ताई, आज घासून आलोय. चार वेळा चूळ भरली. रागावू नका."

"काका, काल तुम्ही खिशातून काय काढत होता?"

"जाऊ द्या हो ते."

"काढा."

काकांनी कागद काढला. आठ घड्या केलेला, कडेला कडा जुळवून. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरच्या आठ खुणा होत्या, दिवसाला एक. चूळ भरू नये, आठ खुणा. ब्रश लावू नये, आठ खुणा. मापं लिहितात तशी बारीक, सरळ रांग.

"एकही दिवस चुकवला नव्हता," काका म्हणाले. "तेच दाखवत होतो काल. म्हटलं, ताईंना वाटायला नको की ऐकलं नाही."

ताईंनी तो कागद दोन्ही हातांत धरला. खुणा एकेक करून मोजल्या.

"काका, ही चिठ्ठी माझी आहे. चुकीची आहे. तुमची दाढ मी सडवली आणि वर मीच ओरडले." आवाज एवढा मोठा निघाला की खिडकीवाल्याने मान बाहेर काढली. "काल मी जेवढं बोलले ना, तेवढं सगळं आज तुम्ही मला बोला. बोला! मी इथेच उभी आहे."

शिंपीकाका गोंधळले. त्यांनी ताईंकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, सुजलेल्या गालाला हात लावून पाहिला.

"बोललो असतो, ताई," ते म्हणाले, "पण तोंड अजून दोनच बोटं उघडतंय. एवढ्यात मावायचं नाही ते."

बाहेर बाकावर लेकीला हसू फुटलं आणि लगेच कळ आली म्हणून तिने गाल धरला. ताईंनी डोळे बाहीला पुसले, सिरिंजमध्ये कोमट पाणी भरलं, आणि बावीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते काकांना विचारलं.

"रात्री झोप लागली का?"